टीम अवॉर्डचं नॉमिनेशन: सॉफ्टवेअरचं श्रेय वजा करा, उरेल ते तुमचं

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलमध्ये वर्षाच्या उत्कृष्ट टीम अवॉर्डसाठी नॉमिनेशन मागवलेत. आमच्या मेडिसिन वॉर्डच्या आठ जणांच्या टीमने डिस्चार्जला लागणारा वेळ साडेपाच तासांवरून तीन तासांवर आणला, नऊ महिने झाले. फॉर्मला 500 शब्दांची मर्यादा, सोबत 40 शब्दांचं सायटेशन आणि "इम्पॅक्टचे पुरावे". मी काहीही लिहिलं तरी ते "टीमने अथक परिश्रम घेतले" असंच होतंय. शिवाय त्याच महिन्यात नवीन बिलिंग सॉफ्टवेअर आलं, ते लिहू की गाळू? दुसऱ्या मेडिसिन वॉर्डाचे आकडे मिळू शकतात, सॉफ्टवेअर तिथेही आलंय पण आमची नवीन पद्धत तिथे नाही.

उत्तर:

सॉफ्टवेअर लिहा. गाळलंत तर नॉमिनेशन तिथेच पडेल, कारण ज्युरीतल्या कुणाला ना कुणाला ते सॉफ्टवेअर कधी आलं हे माहीत असतंच, आणि एकदा का "हिने हे लपवलं" असं वाटलं की मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवर पण कुणी विश्वास ठेवत नाही. मी हॉस्पिटलच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये बरीच वर्षं काढलीत, अशी नॉमिनेशनं लिहिलीत आणि नंतर ज्युरीत बसून वाचलीत पण, आणि खरं सांगतो, तुमची अडचण भाषेची नाहीच. "अथक परिश्रम" लेखणीतून आपोआप का येतं, तर नेमकं कोणी काय वेगळं केलं आणि त्यातलं किती त्यांच्यामुळे झालं हे अजून आपल्यालाच नीट सांगता येत नसतं. ते एकदा कागदावर मांडलं की विशेषणं आपोआप गळतात.

एक आधीच सांगून ठेवतो, प्रत्येक अवॉर्डचे निकष वेगळे. कुठे नावीन्याला जास्त गुण असतात, कुठे टीमवर्कला, कुठे पेशंटच्या अनुभवाला. तर फॉर्मच्या मागे किंवा ईमेलमध्ये गुणांची विभागणी दिलीय का ते आधी बघा, दिली असेल तर 500 शब्द त्याच प्रमाणात वाटा. पुढे लिहितोय ते इम्पॅक्टला बऱ्यापैकी वजन आहे असं धरून.

आता सॉफ्टवेअरचं. तुमच्याकडे दुसऱ्या मेडिसिन वॉर्डाचे आकडे मिळू शकतात असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, पण अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट तीच आहे. सॉफ्टवेअर दोन्ही वॉर्डांना मिळालं, नवीन पद्धत फक्त तुमच्या वॉर्डाने केली. मग समजा त्या वॉर्डात पूर्वी पाच तास वीस मिनिटं लागायची आणि आता चार तास पन्नास मिनिटं लागतात, म्हणजे तिथे अर्धा तास कमी झाला. तो अर्धा तास सॉफ्टवेअरचा, किंवा त्या काळात सगळ्या हॉस्पिटलमध्ये जे काही बदललं असेल त्याचा. तुमच्याकडे अडीच तास कमी झाला. अडीचातून अर्धा वजा केला की उरले दोन तास, आणि ते दोन तास टीमचे. फॉर्ममध्ये अडीच तासांचा दावा करू नका, दोन तासांचा करा आणि वजाबाकी दाखवा. दावा लहान होतो पण पक्का होतो, आणि ज्युरीच्या मनात जो प्रश्न येणारच होता त्याचं उत्तर तुम्ही आधीच दिलेलं असतं. हे आकडे मी नमुन्याला घेतलेत, तुमचे खरे घाला. खरी वजाबाकी करून समजा पाऊण तासच उरला, तर पाऊण तास लिहा, आणि मग नॉमिनेशनचा भर वेळेपेक्षा दुसऱ्या कशावर तरी ठेवावा लागेल, ते आत्ताच कळलेलं बरं.

फक्त तो दुसरा वॉर्ड खरंच तुलना करण्यासारखा आहे ना ते बघून घ्या. तिथले पेशंट साधारण तुमच्यासारखेच आहेत का, मध्येच तिथली सिस्टर इन चार्ज बदलली का, तिथे एखादा डॉक्टर दोन महिने रजेवर होता का. सर्जरी वॉर्डाशी तुलना करू नका, तिथे बरेचसे डिस्चार्ज आधीपासून ठरलेले असतात.

मग आकडा कुठला घ्यायचा हा प्रश्न. तुमचे "साडेपाच तास" म्हणजे सरासरी आहे की मध्यक ते लिहिलेलं नाहीये. डिस्चार्जच्या वेळेत नेहमी दोनचार केसेस अशा असतात की नातेवाईकच संध्याकाळी उशिरा आले, नाहीतर पैशांची मंजुरी यायला दुसरा दिवस उजाडला, आणि असा एकच वीस तासांचा पेशंट महिन्याची सरासरी वर ओढून नेतो. म्हणून मध्यक घ्या, म्हणजे सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्या की बरोबर मधली येते ती. आणि घड्याळ कधी सुरू होतं नि कधी थांबतं ते एका वाक्यात लिहा: डॉक्टरांनी डिस्चार्जची ऑर्डर लिहिल्यापासून पेशंटने बेड सोडेपर्यंत. हे मुद्दाम सांगतोय कारण एका वर्षी आमच्यासमोर एक फॉर्म आला होता, वेळ अर्ध्यावर आणल्याचा दावा, आणि विचारल्यावर कळलं की आधीची मोजणी ऑर्डरपासून होती आणि नंतरची बिल तयार झाल्यापासून. कोणी फसवायला गेलं नव्हतं, रिपोर्ट काढणारा माणूस बदलला होता इतकंच. पण टीमची शोभा झाली ती झालीच.

दुसरं, "आधी साडेपाच, नंतर तीन" हे दोनच आकडे कधी देऊ नका. दोन बिंदूंतून रेघ कशीही काढता येते. बऱ्याचदा काय होतं, एखादा महिना फारच वाईट जातो, त्यावरून बोंबाबोंब होते, मग टीम कामाला लागते, आणि पुढच्या महिन्यात आकडा सुधारतो, पण तो काहीही केलं नसतं तरी थोडा सुधारलाच असता, कारण वाईट महिना हा अपवाद होता. म्हणून बदलाच्या आधीचे निदान सहा महिने आणि नंतरचे तुमचे नऊ, असे पंधरा बिंदू एका साध्या रेषेच्या आलेखावर टाका, आधीच्या सहा महिन्यांचा मध्यक आडव्या रेघेने दाखवा आणि ती रेघ तशीच पुढे ओढा. क्वालिटीच्या कामात याला रन चार्ट म्हणतात. त्यात एक सर्वमान्य ठोकताळा असा की सलग सहा किंवा जास्त बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला पडले तर तो योगायोग समजत नाहीत, खरोखर काहीतरी बदललंय असं धरतात. तुमचे नऊच्या नऊ रेघेखाली असतील तर आलेखाखाली तेवढं एक वाक्य लिहिलं की काम झालं. त्याच आलेखात दुसऱ्या वॉर्डाची रेघ फिकट रंगात घाला, आणि सॉफ्टवेअर सुरू झालं तो महिना नि तुमची पद्धत सुरू झाली तो महिना, दोन्ही खुणा करा. एकाच महिन्यात असतील तर एकाच महिन्यात दाखवा.

अमेरिकेत 1987 च्या कायद्याने सुरू झालेला माल्कम बाल्ड्रिज पुरस्कार आहे ना, त्यात निकालांचे गुण देताना वर्षानुवर्षं चार गोष्टी बघत आलेत: आत्ताची पातळी काय, ती कुठल्या दिशेने चाललीय, इतरांच्या तुलनेत कशी आहे, आणि संस्थेला जे खरंच महत्त्वाचं आहे त्याच्याशी तिचा संबंध आहे का. तुमच्या त्या एका आलेखात पहिल्या तीन गोष्टी येऊन जातात. चौथी शब्दांत लिहावी लागते.

आणि इथेच भलेभले घसरतात. दोन तास वाचले, बरं, मग? पुढचा मोह असा होतो की महिन्याला समजा 200 डिस्चार्ज, गुणिले दोन तास, म्हणजे 400 बेड-तास वाचले, गुणिले एका बेडचं दिवसाचं उत्पन्न, म्हणजे इतके लाख. असं करू नका. एक तर तुम्ही मध्यक घेतलाय, आणि एकूण तास काढायचे तर सरासरी लागते, मध्यकाला संख्येने गुणून बेरीज येत नाही, ज्युरीत कोणी आकडेवारीवाला असला तर तो तिथेच पकडेल. आणि दुसरं म्हणजे रिकामा बेड तेव्हाच कामाचा जेव्हा त्याच्यासाठी कोणीतरी खोळंबलेलं असतं. बेड एक वाजता रिकामा झाला आणि पुढचा पेशंट रात्री आठला आला तर कागदावर तास वाचले, प्रत्यक्षात कोणालाच काही फरक पडला नाही. त्यामुळे कॅज्युअल्टीत जाऊन विचारा की मेडिसिनचा बेड मिळेपर्यंत पेशंट तिथे किती वेळ थांबायचे आणि आता किती थांबतात. ते रजिस्टर बहुतेक असतंच. तिथला वेळ कमी झाला असेल तर तो तुमचा खरा इम्पॅक्ट, पैशांच्या गुणाकारापेक्षा शंभरपट चांगला. नसेल झाला तर घरी जाणाऱ्या पेशंटचा खोळंबा कमी झाला एवढंच लिहा, तेही कमी नाही.

सोबत एक उलटा पुरावा पण लागतो, म्हणजे घाई केल्यामुळे काही बिघडलं नाही ना याचा. डिस्चार्ज लवकर व्हायला लागले की कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, पेशंट परत तर येत नाहीयेत ना? तेव्हा डिस्चार्जनंतर 30 दिवसांत पुन्हा ॲडमिट झालेल्यांचं प्रमाण आधी किती होतं नि आता किती आहे ते द्या, आणि बिल नंतर दुरुस्त करावं लागलं अशा केसेस किती ते द्या. दोन्ही आकडे जैसे थे असतील तरी मिरवण्यासारखे आहेत. टक्के देताना मात्र मूळ संख्या सोबत लिहा. "तक्रारी 50 टक्क्यांनी घटल्या" असं एका फॉर्ममध्ये होतं, खोदून बघितलं तर चाराच्या दोन झाल्या होत्या.

जे जमलं नाही ते पण एका वाक्यात टाका. रविवारी अजून वेळ लागतो का? ज्यांचं बिल विमा कंपनी भरते त्या पेशंटचा वेळ फारसा हललाच नाही का? लिहा. असं एक वाक्य असलेला फॉर्म ज्युरी जास्त गंभीरपणे घेते, निदान आम्ही तरी घ्यायचो.

आता "कोणी काय केलं". हे कळायला टीमसोबत अर्धा तास बसा, आणि प्रत्येकाला "तुझं योगदान काय" असलं काही विचारू नका, त्यावर सगळे लाजून "सगळ्यांनीच केलं हो" म्हणतात. विचारायचं असं: आधी तू रोज करायचीस आणि आता करत नाहीस असं काय आहे? आमच्याकडे असाच डिस्चार्जचा प्रयोग झाला होता तेव्हा हा प्रश्न मी वॉर्ड क्लार्कला विचारला, तर तो म्हणाला, "आता मी ट्रे बघायला जात नाही." कुठला ट्रे? तर उरलेली औषधं फार्मसीत परत गेली की त्याची नोंद असलेली फाईल फार्मसीच्या काउंटरवर एका हिरव्या ट्रेमध्ये सहीसाठी पडायची, फार्मासिस्टला वेळ मिळाला की तो सही करायचा, आणि तोपर्यंत बिल बंद होत नसे, मग हा बिचारा दर वीस मिनिटांनी जाऊन ट्रे बघून यायचा. त्याने नि फार्मासिस्टने मिळून ठरवलं की उद्या कोण जाणार याची अंदाजे यादी संध्याकाळी पाचला फार्मसीत द्यायची आणि त्या पेशंटची जादा औषधं आदल्या रात्रीच परत करून सही घेऊन ठेवायची. सगळा प्रयोग म्हणजे खरं तर एवढंच होतं, त्याला कोणी नाव पण दिलं नव्हतं. पण हा ट्रे आम्ही नॉमिनेशनच्या दुसऱ्याच वाक्यात घातला आणि नंतर ज्युरीतल्या एकांना तेवढाच लक्षात राहिला होता. तुमच्या वॉर्डातला ट्रे कुठला ते शोधा, काहीतरी असतोच.

मराठीत लिहिताना एक खोड सांभाळा. "यादी तयार करण्यात आली", "समन्वय साधण्यात आला" ही सरकारी परिपत्रकाची वाक्यं माणूस गायब करतात, आणि अवॉर्ड तर माणसांना द्यायचंय. "सिस्टर्सनी पाच वाजता यादी दिली, फार्मासिस्टने रात्री सही केली" असं लिहा, शब्दही कमी लागतात. सुरुवातीचा परिच्छेद साधारण असा होईल, तुमचे तपशील घालून:

"आमच्या वॉर्डात डॉक्टरांनी घरी जायला सांगितल्यावर पेशंटला बेड सोडायला मध्यक साडेपाच तास लागत. त्यातला मोठा वेळ फाईल फार्मसीत सहीची वाट बघण्यात जायचा. आठ जणांच्या या टीमने ती सही आदल्या रात्रीवर नेली. आता तीन तास लागतात. याच काळात नवीन बिलिंग सॉफ्टवेअर आलं, ते वापरणाऱ्या पण ही पद्धत नसलेल्या दुसऱ्या मेडिसिन वॉर्डात अर्धा तास कमी झाला, म्हणून उरलेले दोन तास आम्ही टीमच्या कामाचे मानतो."

बघा, परिश्रम, समर्पण, सांघिक भावना यातलं काहीच नाहीये आणि तरी टीम हुशार वाटते. पुढचे 400-430 शब्द म्हणजे कोणी काय केलं, आलेख काय सांगतो, कॅज्युअल्टीत काय फरक पडला, काय बिघडलं नाही आणि काय राहिलं, या क्रमाने.

पुराव्यांची फाईल जाड करू नका. आलेख एक पान, आकड्यांचा छोटा तक्ता एक पान, आणि एक पत्र. पत्र तुमच्या मेडिकल डायरेक्टरचं नको, त्यांचं सगळ्यांनाच मिळतं. कॅज्युअल्टीच्या सिस्टरचं घ्या, म्हणजे जिला तुमच्या टीमशी काही देणंघेणं नाही पण फरक जाणवतो तिचं, आणि तिला सांगा की कौतुक नको, पूर्वी काय व्हायचं आणि आता काय होतं एवढंच चार ओळीत लिही. पेशंटचे शब्द वापरणार असाल तर लेखी परवानगी घ्या आणि नाव, आजार, तारीख काही ठेवू नका, आलेखासोबत चुकून पेशंटची यादी जोडली गेलेली मी बघितलीय.

राहिलं सायटेशन. हे वाचलं जात नाही, ऐकलं जातं, स्टेजवर कोणीतरी माईकसमोर म्हणतो आणि टीम तोपर्यंत खुर्च्यांतून उठत असते. म्हणून ते फॉर्मचा सारांश करायचं नसतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे "...च्या क्षेत्रात ...द्वारे ...घडवून आणल्याबद्दल ...या टीमला ...प्रदान करण्यात येत आहे" असं चाळीस शब्दांचं एकच वाक्य केलं की ऐकणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत काय झालं तेच कळत नाही, आणि वाचणाऱ्याचा श्वास संपतो तो वेगळाच. तीन वाक्यं करा: आधी काय होतं, यांनी काय केलं, आता काय आहे. मी असं लिहीन:

"रुग्णाला 'घरी जा' म्हटल्यावर प्रत्यक्ष घरी जायला साडेपाच तास लागत होते. वॉर्ड, फार्मसी आणि बिलिंगमधल्या या आठ जणांनी डिस्चार्जचं काम आदल्या संध्याकाळीच सुरू केलं. आज घरी जायला तीन तास लागतात, आणि नऊ महिन्यांनंतरही ते टिकून आहे."

छत्तीस शब्द आहेत. यात मी मुद्दाम "यांच्यामुळे अडीच तास वाचले" असं म्हटलेलं नाही, आधी इतके लागायचे आणि आज इतके लागतात एवढंच म्हटलंय, ते खरं आहे, सॉफ्टवेअरचा हिशोब फॉर्ममध्ये मांडलेलाच आहे आणि स्टेजवर वजाबाकी कोणी ऐकत नाही. आठ जण वेगवेगळ्या विभागांतले नसतील तर दुसरं वाक्य बदला. "उत्कृष्ट", "अतुलनीय" घालू नका, अवॉर्डच्या नावातच ते आलंय. लिहून झालं की मोठ्याने वाचा, घड्याळ लावून, आणि जिथे अडखळाल तो शब्द काढा. "मध्यक" सायटेशनमध्ये अजिबात नको, त्याची जागा फॉर्ममध्ये.

सगळ्यात शेवटी नावं. आठ म्हणता खऱ्या, पण तुमचीही पद्धत आमच्यासारखीच असेल तर रात्रपाळीचा फार्मासिस्ट त्या आठात आहे का? औषधं रात्री परत घेतो तोच. आणि यादी घेऊन पाचला जिना उतरणारी ट्रेनी, जी आता दुसऱ्या वॉर्डात बदलून गेलीय? फॉर्ममध्ये संख्येची मर्यादा नसेल तर दोघांना घाला आणि सायटेशनमधल्या "आठ"चे "दहा" करा. नावांचं स्पेलिंग पगाराच्या यादीवरून न घेता प्रत्येकाकडून लिहून घ्या. आमच्या त्या वॉर्ड क्लार्कचं आडनाव ट्रॉफीवर चुकीचं कोरलं गेलं होतं, बदलून मिळायला दोन महिने लागले, आणि तोपर्यंत तो ती ट्रॉफी कपाटात उलटी तोंड करून ठेवायचा.